ताप उतरल्याच्या दिवशी

"डॉक्टर, डेंग्यूत पोराच्या पेशी ३५ हजारांवर आल्यात, तरी तुम्ही पेशी चढवत नाही. उलट सलाईन कमी करताय. असं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून नवी होते तेव्हाची.

सहा वर्षांची, १८ किलो वजनाची. तापाच्या तिसऱ्या दिवशी डेंग्यू पॉझिटिव्ह आला. प्लेटलेट १ लाख १० हजार, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ३६. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या बाबांचा फोन आला. "मॅडम, ताप उतरला. पण पोट दुखतंय म्हणते, तीनदा उलटी झाली, नुसती पडून आहे." मी म्हटलं, "ताप गेला ना, मग काळजी नको. अशक्तपणा असेल. उद्या पेशी तपासू."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या फोनमध्ये धोक्याच्या तीन खुणा होत्या आणि मी पेशींबद्दल बोलत होते.

डेंग्यूत बहुतेक वेळा ताप उतरतो त्याच सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत जाऊन साचतं. वाहिन्यांत उरलेलं रक्त आटवलेल्या वरणासारखं घट्ट होतं. हा घट्टपणा पीसीव्हीत दिसतो. रिपोर्टमध्ये तो आकडा प्लेटलेटच्या आसपासच असतो, पण त्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

संध्याकाळी त्यांनी तिला आणलं. पोरगी शुद्धीवर होती, नाव सांगत होती. पण हात-पाय गार, आणि सकाळपासून लघवी नाही. रक्तदाब ९० आणि ७५. वरचा आकडा पाहून कुणीही ठीक आहे म्हणेल. पण दोन आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, की मूल शॉकमध्ये आहे असं धरायचं. प्लेटलेट ६८ हजार. पीसीव्ही ३६ वरून ४६. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, तिचं चार सेकंद पांढरंच राहिलं.

तासाभरात १८० मिली सलाईन दिलं, किलोमागे १० मिली. हात कोमट झाले. पीसीव्ही ४१ वर आला आणि रात्री तिला लघवी झाली. मग दर तासाला तपासत सलाईनचा वेग उतरवत नेला.

दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ३१ हजार. आजोबा माझ्यावर ओरडले, "पोरगी गेल्यावर पेशी देणार का?" तेव्हा ती आईकडे पेज मागत होती, पीसीव्ही ३७ होता, कुठूनही रक्त येत नव्हतं. चढवलेल्या पेशी डेंग्यूत फार टिकत नाहीत, पाझरही थांबवत नाहीत. वर अंगात आणखी पाणी जातं. मी नाही म्हटलं, पण हात थरथरत होते.

मात्र त्या ओरडण्याला घाबरून मी एक केलं, सलाईन वेळेवर बंद केलं नाही. पाझर एक-दोन दिवसांत थांबतो आणि साचलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. त्यात बाहेरून ओतत राहिलं तर ते फुप्फुसात चढतं. पहाटे तिला धाप लागली. सलाईन बंद केलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत श्वास शांत झाला. ती बरी होऊन घरी गेली. पण धाप मी लावली होती.

म्हणून मी सलाईन कमी करते.

घरी मूल तोंडाने घेत असेल तर ओआरएस, पेज, नारळपाणी घोट-घोट द्या. नुसतं साधं पाणीच पाजत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं. चार ते सहा तासांत एकदा लघवी होतेय ना, बघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नको. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून जाणं किंवा विचित्र चिडचिड, गार हात-पाय, यातलं एकही दिसलं तर पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका. ताप नसला तरी या.

तुम्ही पेशींना घाबरता म्हणून मी चिडते, हे खरं. पण आकडा कागदावर दिसतो आणि गार हात ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. त्या बाबांनी तर सगळं नीट सांगितलं होतं, ऐकलं नाही ते मी.

रक्तस्राव नसताना १० हजारांखाली पेशी द्यायचा विचार करावा, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. पेशी १२ हजारांवर आलेलं, खेळणारं मूल वॉर्डात असलं की मी रात्री तीनदा उठून जाते. त्याचे पाय हातात घेते, गरम लागले तरी थोडा वेळ तिथेच बसते.