पट्टी लावून खोडलेली ओळ

सतरावा निबंध हातात आला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते आणि 'वेळ अमूल्य आहे' हे मी सोळा वेळा वाचून झालं होतं. विषय होता 'आमच्या घरातले जुने घड्याळ'. सातवीची मुलं. कोष्टक ठरलेलं: प्रस्तावना 5, विचारांचा ओघ 10, समारोप 5, वाक्प्रचार-म्हणी 5. अक्षराला गुण नव्हते. तरी डोळा आधी अक्षराकडेच जातो, त्याला कोण काय करणार?

सतराव्याचं अक्षर काही बरं नव्हतं. घ आणि ध यांतला फरक त्याने माझ्यावरच सोपवला होता, त्यामुळे पानभर 'धड्याळ' टिकटिकत होतं. 'ध'चा 'मा' करून नारायणरावाचा जीव घेतला म्हणतात, इथे निदान सगळे जिवंत होते.

पण पहिलं वाक्य असं: 'आमचे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे आणि ते तसेच ठेवायचे असे आजोबांनी सांगून ठेवले आहे.' प्रस्तावना जोखायची माझी एक खोड आहे. पहिला परिच्छेद तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्यापासून वाचायचं. काहीच अडलं नाही, तर ती प्रस्तावना नव्हे, दारावरचं तोरण. त्या सोळांत तोरणंच होती. इथे मात्र झाकलं की पुढचं कळेना. 5.

ओघासाठी परिच्छेदांची अदलाबदल करून बघतो. ह्याचा दुसरा परिच्छेद आजोबांची एकदा गाडी चुकली त्याचा, म्हणून घड्याळ पुढे. तिसऱ्यात घरातले सगळे मनातल्या मनात सात वजा करतात, म्हणून उशीर व्हायचा तो होतोच. हे दोन उलटे लावता येत नाहीत. चौथा किल्ली हरवल्याचा, तो मात्र कुठेही बसला असता. तिथे 2 कापले.

वाक्प्रचारांचं बिंग हस्ताक्षरात फुटतं. मुलं निबंध लिहून काढतात, मग वाक्प्रचारांचे गुण आठवतात आणि ओळीच्या डोक्यावर हंसपदं उगवतात. सतराव्यातही एक होतं: नवं घड्याळ आणून बाबांनी जुन्याच्या 'तोंडाला पाने पुसली'. फसवलं कुठे? बिचारं बाजूला पडलं एवढंच. पण किल्लीच्या प्रसंगात 'आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले' हे ओळीतच होतं, खाडाखोड नाही, हात थांबल्याची खूण नाही. लिहिताना सुचलेलं. एक नेमका, एक चुकलेला, म्हणून 3.

चुकलेल्याला मी फार कापत नाही. सातवीत असताना मी लिहिलं होतं, 'मला पाहताच आजीच्या अंगाचा तिळपापड होतो.' तीळ गोड, पापड खमंग, म्हणजे आनंदच असणार असा माझा हिशोब. बाईंनी समासात तांबड्या शाईने विचारलं होतं, 'भांडण झाले का?' आजीला ते वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की त्या वाक्प्रचाराचा खरा अर्थ मला आजही जरा परकाच वाटतो.

तर समारोप. शेवटच्या दोन ओळी होत्या: 'आजोबा मागच्या वर्षी गेले. घड्याळ अजून सात मिनिटे पुढे आहे.' त्याखाली एक खोडलेली ओळ, पण वाचता येणारी: 'यावरून आपल्याला वेळेचे महत्त्व'. पुढे कोरा कागद.

दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, "सर, समारोपच नाही. लिहायला घेतला आणि घंटा झाली. 1."

"घंटा झाली तर खोडलं कशाला?"

"अर्धं वाक्य ठेवायचं नाही म्हणून. आम्हीच शिकवतो ना तसं."

हेही खरंच होतं. मी कागद खिडकीपाशी नेला. पहिल्या पानावर दोन ठिकाणी खोडलेलं होतं, दोन्हीकडे नुसत्या गिचमिड रेघोट्या. ही शेवटची ओळ मात्र पट्टी लावून खोडलेली, एकच सरळ रेघ. घंटा झाल्यावर कंपासपेटीतून पट्टी कोण काढतं?

"पट्टी हातातच असेल, समास आखायला घेतलेली," बाई म्हणाल्या.

समास आखलेला होता. पट्टीनेच.

मी 5 दिले, बाईंनी 1. सरासरी 3. एकूण 19, आणि 19 ला बक्षीस मिळत नाही हे बाकीचे निबंध वाचायच्या आधीच कळत होतं. ते पान मी पुन्हा एकदा उजेडात धरलं, मग गठ्ठ्याखाली सारलं आणि अठरावा उघडला.

'काळ कोणासाठी थांबत नाही.'