खड्डा 12 हजाराचा, हौद सव्वापाच हजाराचा

लातूरला एका मामांच्या घराचं काम चालू होतं, गेलो तर हौदाचा खड्डा आधीच मारून तयार, 10 बाय 7 आन खोल 6 फूट. मामा खुश, "इंजिनेर साहेब, 12 हजार लिटर बसतंय बघा यात." हिशोब तसा बरोबरच, 420 घनफूट गुणिले 28.3, पण तो खड्ड्याचा झाला, हौदाचा नाही.

मी तिथंच विटेच्या तुकड्यानं फरशीवर मांडून दाखवलं. 9 इंची भिंत दोन्हीकडून आली की आत उरतंय साडेआठ बाय साडेपाच. खोलीतून खालचे 4 इंच पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, 6 इंच राफ्ट म्हणजे सळई घातलेला काँक्रीटचा तळ, वरचा 5 इंच स्लॅब आणि पाण्यावर 9 इंच मोकळी जागा वजा केली की पाणी उभं राहतंय 4 फूट. म्हणजे 187 घनफूट, जेमतेम 5300 लिटर, निम्म्याहून कमी! मामा गप्प. मिस्त्री बिडी काढायला बाजूला सरकला.

घरात माणसं 7, नळ दहा दिवसाला, माणशी 135 लिटर धरलं तर साडेनऊ हजार लागतात. 2016 ला रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे, इथं कमी धरून चालत नाही. मग आतून 10 बाय 7 आणि पाणी 5 फूट ठरवलं, 9900 लिटर. भिंतीच्या बाहेर राफ्ट 6 इंच काढायचा तर खड्डा झाला साडेबारा बाय साडेनऊ, खोल 7 फूट, जेसीबी परत बोलवावा लागला.

विटांचा हिशोब काढताना भिंतीची लांबी मध्यरेषेवरून घ्यायची, बाहेरून घेतली की चारही कोपरे दोनदा मोजले जातात. इथं 37 फूट, उंची पावणेसहा, जाडी पाऊण फूट, साधारण 160 घनफूट. घनफुटाला 14 धरून 2240, फूटतूट धरून 2400 सांगितल्या. राफ्ट आणि स्लॅब मिळून काँक्रीट 100 घनफूट, म्हणजे साधारण 2.8 घनमीटर, एम 20 ताकदीच्या काँक्रीटला सिमेंट 22-23 गोण्या (पीसीसी, जुडाई आणि प्लास्टरचं सिमेंट वेगळं). सळई 10 एमएम, दोन्हीकडं 6 इंचावर, राफ्टला आणि स्लॅबला एक-एक जाळी, सगळी मिळून 908 फूट. 40 फुटी 23 नग होतात, पण बेंड आणि तुकडे जातातच म्हणून 25 मागवल्या, साधारण 185 किलो.

मिस्त्री म्हणला, "साहेब, गाडी लावतील की वर." मग सांगितलं, हा स्लॅब माणसं चालायपुरता आहे, गाडी जाणार असंल तर जाडी आणि सळई वेगळी काढावी लागंल. आणि इथं दोन फुटाखाली मुरूम लागला म्हणून विटेची भिंत चालली, खालपर्यंत काळी माती असती तर ती पावसात फुगून रिकामा हौद आत दाबती, तिथं मी आरसीसी भिंतच सांगितली असती. मामांनी गाडी बाहेर लिंबाखाली लावायचं कबूल केलं, मामींना मात्र ते पटलेलं दिसलं नाही.