तुम्ही विचारलंत म्हणून: दुधाची एक नोंद

"कोल्हापुरात राहून सिस्टिम डिझाइनची तयारी कशी केलीत? कोर्स कुठला, तेवढं तरी सांगा."

कोर्सचं नाव सांगत नाही म्हणजे मी काहीतरी लपवते, असं काही जणांनी तोंडावर म्हणून झालंय. लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही पाहिलेत तेच व्हिडिओ मीही पाहिले. लोड बॅलन्सर, कॅश, क्यू, शार्डिंग, सगळ्या चौकटी वहीत उतरवल्या. पण चार-पाच वर्षांच्या अनुभवावरच्या मुलाखतीत चौकटी काढून झाल्या की समोरचा त्यातल्या एकीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "इथे बंद पडलं तर?" त्यासाठी मी एकच प्रश्न तळापर्यंत नेला. तो मला आमच्या गावच्या दूध संस्थेत मिळाला.

संस्थेतलं काम तुम्हाला ठाऊक आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ, हातात पावती, दहा दिवसांनी बिल. मी गृहीत धरलं की अशा 5,000 संस्था आहेत, प्रत्येकीत 200 सभासद आणि सगळ्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर यायच्यात. एका वेळच्या 10 लाख नोंदी. संकलन दोन तास चालतं, म्हणजे 7,200 सेकंद. सेकंदाला साधारण 140 नोंदी. एक नोंद 200 बाइटची धरली तर दिवसाला 400 एमबी, वर्षाला दीडशे जीबीच्या आत, इंडेक्स धरून त्याच्या दुप्पट. एवढं काम एका बऱ्यापैकी मशीनवरचा एक पोस्टग्रेस करतो. हा हिशेब कागदावर आला तेव्हा वहीतल्या निम्म्या चौकटी मी खोडल्या.

उरलं ते खरं दुखणं. नोंद सर्व्हरवर पोहोचते, लिहिली जाते आणि "मिळाली" हे उत्तर परत येताना नेट जातं. संस्थेतल्या कॉम्प्युटरला वाटतं गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. आता एका कॅनचे पैसे दोनदा.

मी म्हटलं, सोपं आहे. संस्था, सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ ही मिळून की धरायची, तिची नोंद एकच असली पाहिजे, दुसरी आली तर टाकून द्यायची. संस्थेचे सचिव माझे काका. ते म्हणाले, "अगं, म्हशीचं आणि गाईचं दूध वेगळं घेतो आम्ही." मी दुधाचा प्रकार जोडला. तर म्हणाले, "आणि एखादा तासाभरानं राहिलेली किटली घेऊन येतो, त्याचं दूध काय ओतून देऊ?" तिथं माझी की मोडली. नोंद दोनदा झाली तर पैसे संस्थेचे जातात, खरी नोंद गळली तर सभासदाचे. दुधाच्या वर्णनावरून ही दोन्ही प्रकरणं वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येक मापाला स्वतःचा क्रमांक हवा. तो कधी द्यायचा हेही महत्त्वाचं. पाठवताना दिला तर पुन्हा पाठवताना नवा क्रमांक पडेल आणि सगळं मुसळ केरात. माप झालं की तिथल्या तिथे यूयूआयडी तयार करायचा, नोंदीसोबत संस्थेच्याच डिस्कवर लिहायचा आणि मग कितीही वेळा पाठवायचं. सर्व्हरवर `nond_id` ही प्रायमरी की ठेवायची आणि एवढंच:

```sql
INSERT INTO nondi (nond_id, sabhasad, litre, fat)
VALUES ($1, $2, $3, $4)
ON CONFLICT (nond_id) DO NOTHING;
```

आता ती मुलाखत, जिच्याबद्दल तुम्ही आडून आडून विचारता. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीतून, ऑनलाइन. प्रश्न आला, नेट नसतानाही चालणाऱ्या दुकानांच्या विक्रीच्या नोंदी एका जागी गोळा करा. माझं दूधच होतं ते. दुकानं किती, दिवसाला बिलं किती, एवढं विचारून घेतलं आणि हिशेब मांडला. सेकंदाला दोनशेच्या आत. मग क्रमांकाची गोष्ट सांगितली.

समोरचे गृहस्थ म्हणाले, "प्रत्येक वेळी डेटाबेस कशाला? क्रमांक रेडिसमध्ये ठेवू, 24 तासांनी आपोआप पुसले जातील." या वळणावर मी घरी किती तरी वेळा येऊन गेले होते. मी म्हटलं, दुकानाचं नेट दोन दिवस गेलं तर? सर्व्हरवर नोंद आहे, दुकानाला उत्तर मिळालेलं नाही, दोन दिवसांनी तीच नोंद पुन्हा येते आणि क्रमांक पुसला गेलेला असतो. विक्री दोनदा. ते म्हणाले, "मग महिनाभर ठेवू." मी म्हटलं, तरी एक भोक राहतं. क्रमांक रेडिसमध्ये लिहिला आणि डेटाबेसमध्ये नोंद लिहिण्याआधी सर्व्हर पडला, तर पुढच्या वेळी आपण दुकानाला "मिळाली" सांगू आणि ती नोंद कुठेच नसेल. हे दोनदा होण्यापेक्षा वाईट, कारण कुणाला कळतच नाही. क्रमांक आणि नोंद एकाच ओळीत असले तर दोन्ही लिहिले जातात किंवा एकही नाही.

त्यांनी विचारलं, क्रमांक तोच पण रक्कम वेगळी आली तर? मी म्हटलं, `DO NOTHING` नंतर एकही ओळ लिहिली गेली नाही, तर जुनी ओळ वाचून ताडून पाहायची. सारखी असेल तर "मिळाली", वेगळी असेल तर चूक म्हणून परत. दुरुस्ती ही जुन्या क्रमांकाचा उल्लेख करणारी नवी नोंद असते.

मग ते म्हणाले, "शार्डिंग कुठे करणार?" मी म्हटलं, या आकड्यांना करणार नाही. दहापट झाले तर आधी एकेक नोंद न पाठवता शंभर-शंभरच्या गठ्ठ्यानं पाठवीन, मग टेबल महिन्यांनुसार तोडीन, तेव्हा प्रायमरी कीमध्ये क्रमांकासोबत नोंदीची तारीखही घ्यावी लागेल. त्यालाही पुरलं नाही तर दुकानाच्या क्रमांकावर शार्ड करीन, कारण एका दुकानाच्या नोंदी एकत्रच वाचल्या जातात.

नकार आला. शेरा होता, मोठ्या प्रमाणाचा विचार कमी पडतो. तो वाचून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. उत्तर बरोबर होतं असं मी आजही म्हणते. पुढे दुसऱ्या एका कंपनीत जवळपास हेच उत्तर दिलं, तिथं निवड झाली. म्हणून "असं उत्तर द्या, पास व्हाल" हे माझ्याकडून मागू नका.

पूर्वी मी मैत्रिणींना सांगायची, आधी चौकटी पाठ करा. मग सांगू लागले, पाठांतर सोडा, एकच प्रश्न धरा. आता तेही ठामपणे म्हणवत नाही. रेडिसमधली की कशी पुसली जाते हे त्या पाठांतरातूनच माहीत होतं. नाहीतर त्या गृहस्थांच्या सूचनेतलं भोक मला दिसलं नसतं.

तयारीच करायची असेल तर माझा अडलेला प्रश्न घ्या. दराचा तक्ता मध्यरात्री बदलला. संस्थेचं नेट बंद, म्हणून सकाळी पावत्या जुन्या दरानं छापल्या गेल्या. नोंदी दोन दिवसांनी पोहोचल्या. बिल कुठल्या दरानं काढायचं? मी म्हणते पावतीवरच्या, कारण कागद सभासदाच्या हातात आहे. म्हणून नोंदीसोबत तक्त्याचा क्रमांकही साठवायचा. काका म्हणतात, वरून पैसे नव्या दरानं येणार, मधला फरक कुणी भरायचा? तक्त्याचा क्रमांक साठवून चूक सापडते. फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा, त्याचा कॉलम मला अजून काढता आलेला नाही.