दोन पानं आणि बुधवारचा बाजार

"दोनच पानांचा पॉलिसी ब्रीफ होता ना? मग पाच आठवडे काय करत होतीस?"

हातगाड्या मोजत होते. गंगापूर रोडलगतच्या एका गल्लीत फुटपाथवर भाजीवाले बसतात, शाळा सुटली की रस्ता तुंबतो, तक्रारी येतात. यावर विभागीय अधिकाऱ्यांनी काय करावं, एवढंच मला लिहायचं होतं.

पहिल्या दिवशी चौदा गाड्या भरल्या. मी खूश, प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही, असं लिहूनही टाकलं. एका मावशींनी कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता विचारलं, "ताई, काय मोजताय? आज बुधवार. निम्मे जण गंगेवर बाजाराला गेलेत." नाशिकमध्ये वाढूनही गोदाकाठचा बुधवारचा बाजार माझ्या लक्षात आला नव्हता! मग आठवडाभर सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला मोजलं. संध्याकाळी गाड्या तिपटीने वाढत, पण शाळा सुटते दुपारी एकला. म्हणजे भांडण जागेचं कमी आणि त्या तासाभराचं जास्त होतं.

तरीही पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'विक्रेत्यांना मागच्या मोकळ्या भूखंडावर हलवावं.' मसुदा तपासणाऱ्या मॅडमनी त्यावर पेन्सिलने गोल केला. "सर्वेक्षण पूर्ण झालंय? प्रमाणपत्रं वाटलीत?" पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा सांगतो की विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता किंवा हलवता येत नाही. ती आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हती. अधिकाऱ्यांना जे करताच येणार नाही, तेच मी मागत होते. 'सर्व घटकांनी समन्वय साधावा' हे वाक्यही गेलं, कारण त्यावर सही कोण करणार?

त्याच कायद्यात वेळ वाटून विक्री करण्याची सोय आहे. म्हणून अंतिम मागणी एका वाक्यात, पहिल्या पानाच्या अगदी वर लिहिली: शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या फाटकापासूनचा फुटपाथ मोकळा, इतर वेळी विक्री चालू, आणि हा प्रस्ताव नगर पथविक्रेता समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा. या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात, त्यामुळे निर्णय त्यांच्या डोक्यावरून जात नाही. खाली गाड्यांचा तक्ता आणि तीन पर्याय: काहीच न करणं, हलवणं, वेळ वाटणं. प्रत्येकासमोर खर्च कुणाचा आणि काम कुणाचं, एवढंच. कायद्याचा इतिहास, दुसऱ्या शहरांची उदाहरणं असं नऊ पानांचं लिखाण वहीतच राहिलं. (त्याचं अजून वाईट वाटतं.)

साहेबांनी ब्रीफ उभ्या उभ्याच वाचला. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "त्या तासाभरात या गाड्या लावायच्या कुठे?"

ते दोन्ही पानांत कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पुन्हा गल्लीत गेले.