हजेरीपटाच्या फोटोवरून टक्केवारीचा तक्ता करताना

इंदूरच्या रामबाग भागात आम्ही काही पालक मुलांसाठी संध्याकाळचा मराठी वर्ग चालवतो. हजेरी ताई हातानेच मांडतात. जुलै २०२५ च्या पटाचे त्यांनी फोटो पाठवले आणि प्रत्येक मुलाचे हजर दिवस व टक्केवारी यांचा तक्ता मागितला, कारण पंचाहत्तर टक्क्यांखालील मुलांच्या पालकांशी त्यांना बोलायचे होते.

पटावर बावीस नावे होती. एक ते पंधरा तारखांचे रकाने डाव्या पानावर आणि सोळा ते एकतीसचे उजव्या पानावर, जिथे नावे नसतात. फोनमधील मजकूर ओळखण्याच्या सोयीने नावे बऱ्यापैकी दिली, परंतु रिकामे चौकोन वगळल्यामुळे पुढच्या सगळ्या खुणा डावीकडे सरकल्या, म्हणून ती वाट सोडून दिली. पुतण्याने फोटो मोठा करून एकेक ओळ वाचायची आणि मी टंकायचे, असे ठरले. ‘ह’ साठी 1, ‘गै’ साठी 0, न वाचता येणाऱ्या खुणेसाठी ? आणि रविवारी किंवा सुट्टीला चौकोन रिकामा. रिकामा चौकोन म्हणजे गैरहजेरी नव्हे, हा भेद सुरुवातीपासून पाळला नाही तर टक्केवारी चुकतेच.

स्प्रेडशीटमध्ये तारखा C ते AG या रकान्यांत आल्या. पहिले नाव तिसऱ्या ओळीत असल्याने सूत्रे अशी झाली:

```
AH3: =SUM(C3:AG3)
AI3: =COUNT(C3:AG3)
AJ3: =ROUND(AH3/AI3*100,1)
```

COUNT फक्त अंक मोजतो, त्यामुळे त्या मुलाला लागू असलेले दिवस आपोआप मिळतात. चार रविवार आणि पावसामुळे बंद राहिलेली सतरा तारीख वगळता वर्ग २६ दिवस भरला होता. एक मुलगी मात्र चौदा तारखेला दाखल झाली. तिच्यासाठी दिवस पंधराच होते आणि त्यांपैकी बारा दिवस ती हजर होती, म्हणजे ८० टक्के. सगळ्यांसाठी २६ हाच भाजक धरला असता तर तिची हजेरी ४६.२ टक्के दिसली असती आणि तिच्या आईवडिलांना विनाकारण बोलावणे गेले असते.

खरे कष्ट पडताळणीत पडले. प्रथम मी ओळींच्या बेरजांची आणि रकान्यांच्या बेरजांची एकूण संख्या जुळवून पाहिली व ती जुळल्यावर निर्धास्त झालो. पण त्याच चौकोनांची बेरीज आडवी करा किंवा उभी, ती जुळणारच, त्यावरून वाचन बरोबर असल्याचे काहीच सिद्ध होत नाही. तुलना करायची ती ताईंनी पटावर स्वतः लिहिलेल्या बेरजांशी. त्या रोजची हजर संख्या तळाशी आणि प्रत्येक मुलाची एकूण हजेरी शेवटच्या रकान्यात लिहितात. हे दोन्ही आकडे मी वेगळे टंकले आणि शेजारी फरक काढला.

त्याआधी एकूण चौकोन मोजले. बावीस गुणिले सव्वीस म्हणजे ५७२, त्यातून उशिरा आलेल्या मुलीचे अकरा दिवस वजा करून ५६१ अंक हवे होते; =COUNT(C3:AG24) ने ५५७ दाखवले. उरलेले चार म्हणजे शाई पसरलेले आमचे प्रश्नचिन्हांकित चौकोनच होते. ताईंच्या मूळ वहीवरून ते भरून घेतले. लिहिलेल्या बेरजेवरूनही ते ओळखता आले असते, परंतु मग तीच बेरीज त्या ओळीची तपासणी करायला उरली नसती.

त्यानंतर बाराव्या मुलाची पटावरील हजेरी २२ आणि आमची १९ निघाली, तर तेराव्याची पटावर १८ आणि आमची २१. तारखांच्या बेरजा मात्र या दोन ओळींमुळे कुठेच बिघडल्या नव्हत्या. लागोपाठच्या दोन ओळींत सारखाच पण उलटा फरक आणि उभ्या बेरजा शाबूत, याचा अर्थ ओळींची अदलाबदल. फोटोत वहीच्या घडीपाशी रेषा खाली वळल्या होत्या आणि उजव्या पानावर आम्ही आधी तेरावी व मग बारावी ओळ वाचली होती. प्रत्येक पानाचा फोटो उजेडात, फोन वहीशी समांतर धरून आणि पान सपाट दाबून पुन्हा मागवला, तेव्हा चूक स्पष्ट दिसली.

शेवटी तेवीस तारखेचाच फरक उरला. पटाच्या तळाशी १७ आणि आमच्याकडे १८, परंतु सर्व मुलांच्या आडव्या बेरजा जुळत होत्या. ताईंना विचारल्यावर कळले की त्या दिवशी संख्या लिहून झाल्यावर एक मुलगा उशिरा आला होता. त्याचा ‘ह’ नंतर मांडला गेला, तळाचा आकडा तसाच राहिला. पटावरचा आकडा मी बदलला नाही. तक्त्यात १८ ठेवून खाली ताईंच्या संमतीने तशी नोंद केली, आणि टक्केवारीच्या शेजारी ‘लागू दिवस’ हा रकानाही राहू दिला, म्हणजे कोणता आकडा कशाने भागला आहे हे पालकांना दाखवता येते.