पाडलेला वाडा पुन्हा रंगात: फोटोतून काय कळले आणि काय मानावे लागले

वाईतला आमच्या आजोळचा वाडा पाडल्यानंतर त्याच्या दर्शनी बाजूचा एकच कृष्णधवल फोटो उरला. त्यावरून संगणकावर रंगीत चित्र करायला घेतले, तेव्हा आकाराची खात्री आणि रंगाची खात्री वेगवेगळी नोंदवायची, हे मी आधीच ठरवले. कारण खांबाचा घाट स्वच्छ दिसतो म्हणून त्याचा रंगही कळला, असे होत नाही.

आकाराचे काम त्या मानाने सरळ होते. फोटोच्या कडा कापलेल्या नव्हत्या, त्यामुळे फोटोतल्या रेषांवरून कॅमेऱ्याची जागा काढणाऱ्या fSpy या प्रोग्रॅममध्ये दर्शनी भिंतीच्या आणि पायऱ्यांच्या बाजूच्या रेषा आखून ती जागा काढता आली आणि Blender या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये नेता आली. यातून प्रमाण कळते, फूट-इंच कळत नाहीत. ते मामांनी जपून ठेवलेल्या मुख्य दरवाजाच्या फळीवरून मिळाले.

खरा प्रश्न त्याच फळीच्या रंगाचा होता. एका कोपऱ्यावर पात्याने हलकेच खरवडल्यावर वर तांबूस तपकिरी, खाली पोपटी आणि तळाशी तेल पाजलेले काळपट लाकूड असे थर दिसले. फोटोच्या वेळी यांतला कोणता वर होता? उत्तराची वाट चौकटीवरच्या तोरणाने दाखवली. त्यातले झेंडू आंब्याच्या पानांपेक्षाही काळे आले आहेत, म्हणजे फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी, ऑर्थोक्रोमॅटिक जातीची असावी. अशा फिल्मवर पोपटी दार पानांहून उजळ दिसले असते. त्याच सावलीतले हे दार मात्र झेंडूइतकेच काळे आहे. त्यामुळे पोपटी रंग बाद झाला, पण तपकिरी की तेलपाणी केलेले लाकूड, हे फोटो सांगू शकत नाही. मी लाकूड धरले आणि त्या रंगाची नोंद ‘अनुमान’ अशी केली.

माडीच्या भिंतीबाबत तेवढाही आधार नव्हता. ही फिल्म निळ्याला उजळ करते, म्हणून पांढरा चुना आणि नीळ घातलेला चुना तिच्यावर सारखेच दिसतात. आईला भिंत निळसर आठवते आणि फोटो ते खोडून काढत नाही. तरी आठवण हा पुरावा धरायचा नाही म्हणून तिथला रंग ‘अंदाज’ राहिला.

चित्रात पुराव्याचा रंग पूर्ण, अनुमानाचा फिकट आणि अंदाजावर तिरप्या रेघा, अशी खूण ठेवली. फोटोत न दिसणारी मागची बाजू सरसकट करडी सोडली. खुणांचा खुलासा चित्राच्या आतच, खालच्या पट्टीत छापला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे जाते आणि सोबतचा मजकूर मागे राहतो. नातेवाइकांना बिनरेघांचे चित्र हवे होते. ते मी दिले, पण रेघांच्या चित्राला जोडून, एकाच फाइलमध्ये, सारख्याच आकारात.