लेखी तक्रारीआधी एचआरशी खासगीत बोलले, तो माझा अनुभव

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कंपनीत बिलिंगला आहे. डिस्पॅचचे एक सीनियर गाडीचा नंबर नेहमी तोंडी सांगायचे, मी ई-वे बिल काढायचे, मग ऐनवेळी गाडी बदलली की ड्रायव्हर-हमालांसमोर माझ्यावर ओरडायचे की हिलाच काम येत नाही, आणि नंबर मी दिलाच नव्हता असं सरळ म्हणून मोकळे. बाकीच्यांना ग्रुपवर लोडिंगची यादी जायची, मला मुद्दाम उशिरा. बरेच दिवस असंच चाललं.

मला लगेच लेखी तक्रार द्यायची नव्हती. एकदा ती दिली की दोन्हीकडचे जबाब, साक्षीदार, सगळं सुरू होतं आणि ते माझ्या हातात राहत नाही, त्यामुळे आधी एचआरच्या मॅडमशी नुसतं बोलायचं ठरवलं. पण मेसेज कुठे पाठवायचा इथेच पहिला विचार करावा लागला. आमचा एचआरचा जो कॉमन मेल आयडी आहे तो तिथले क्लार्कपण उघडतात, आणि त्यातला एक जण आणि हे सीनियर रोज पाचोऱ्याहून एकाच गाडीने येतात-जातात. आपल्याकडे कोण कोणाचा पाहुणा निघेल काही सांगता येत नाही ना भो! म्हणून मॅडमच्या स्वतःच्या ऑफिस मेलवर पाठवला, सीसीत कोणी नाही, आणि विषयात फक्त ‘भेटीसाठी वेळ हवी’, कारण स्क्रीनवर नोटिफिकेशन आलं की शेजारचा माणूस पण वाचतो.

मेसेज असा होता:

‘नमस्कार मॅडम, एका सहकाऱ्याच्या माझ्याशी वागण्याबद्दल तुमच्याशी खासगीत बोलायचं आहे. त्याचा माझ्या कामावर परिणाम होतोय. ही सध्या औपचारिक तक्रार नाही, आधी माझ्यापुढे काय पर्याय आहेत ते समजून घ्यायचं आहे. मी जे सांगेन त्यातलं किती तुमच्यापाशी राहू शकतं आणि काय तुम्हाला पुढे कळवावंच लागतं, हे कृपया भेटीच्या सुरुवातीलाच सांगावं. अर्धा तास पुरे. शक्यतो तुमच्या केबिनऐवजी दुसरीकडे भेटू, आणि कॅलेंडरवर टाकलं तर माझं नाव किंवा कारण नको.’

नाव, प्रसंग, आरोप काहीच लिहिलं नाही. मेल फॉरवर्ड होऊ शकतो, आणि नाव लिहून गेलं की तीच तक्रार समजून कोणी चौकशी सुरू करू शकतं. केबिन नको म्हटलं कारण ती काचेची आहे आणि डिस्पॅचला जायच्या वाटेवरच आहे.

मॅडमनी ट्रेनिंग रूममध्ये शिफ्ट सुटल्यावर बोलावलं. त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं की सगळंच गुपित ठेवीन असा शब्द देता येणार नाही, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा गंभीर गैरप्रकार असेल तर त्यांना पुढे जावंच लागतं. मग विचारलं, यात लैंगिक स्वरूपाचं काही आहे का, कारण तसं असेल तर तो विषय २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीचा, आणि तिथे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, समिती कारण पाहून अजून तीन महिने वाढवू शकते. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. पण ज्या बाईचं तसं असेल तिने ‘आधी नुसतं बोलून बघू’ म्हणत ही मुदत घालवू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी घरच्या वहीत नोंदी ठेवल्या होत्या: तारीख, वेळ, ते बोलले ते शब्द जसेच्या तसे, समोर कोण होतं, कोणतं बिल अडकलं. ‘ते फार त्रास देतात’ म्हटलं असतं तर मॅडमना धरायला काही नव्हतं. पण अमुक दिवशी नंबर बदलला, गाडी गेटवर थांबली, तेव्हा फलाणा ड्रायव्हर होता, असं म्हटल्यावर त्या लिहून घ्यायला लागल्या. ऑफिसची कागदपत्रं किंवा बिलांचे फोटो मात्र मी स्वतःकडे घेतले नाहीत, नाहीतर उलटा विषय माझ्यावरच आला असता.

तुला काय व्हायला हवं, असं त्यांनी विचारलं. माझं उत्तर तयार होतं: गाडीचा नंबर लेखी यावा आणि लोकांसमोर ओरडणं थांबावं. त्यांनी तीन वाटा सांगितल्या, माझं नाव न घेता कामाची पद्धत बदलणं, दोघांना समोरासमोर बसवून बोलणं, नाहीतर लेखी तक्रार. मी पहिली घेतली. त्याच संध्याकाळी मॅडमना दोन ओळींचा मेल टाकला की आज बोललो ते अनौपचारिक आहे, माझं नाव पुढे जाणार असेल तर आधी मला विचाराल असं ठरलंय. त्यांचं ‘हो’ आलं, ते जपून ठेवलंय.

आता नंबर आणि यादी सगळ्यांना मेलवरच येते, त्यामुळे ‘मी दिलाच नव्हता’ बंद झालं. ओरडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. वही चालू आहे, आणि दिवाळीनंतर परत मॅडमना भेटायचं ठरलंय, तेव्हाही असंच असेल तर लेखी देणार.